चार गुरुवार, एक आरती: परदेशातल्या विद्यार्थिनीवर दहा मिनिटांची पटकथा कशी लिहायची

परदेशात शिकणारी मुलगी, घरची आरती आणि मधे फोनचा पडदा. या विषयावर पहिल्यांदा शॉर्ट फिल्म लिहायला बसलं की पहिला खर्डा ठरलेला असतो. खिडकीबाहेर बर्फ, मुलगी उदास, फोन वाजतो, आरती सुरू होते, तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि पडदा काळा होतो. माझाही पहिला खर्डा असाच होता. तो वाचून मित्र म्हणाला, "छान आहे, पण यात होतं काय?" मला उत्तर देता आलं नाही.

होत काही नव्हतं, कारण मी व्हिडिओ कॉलला नुसती खिडकी समजत होतो. प्रत्यक्षात व्हिडिओ कॉल हे अडणारं, उशीर करणारं, आवाज गिळणारं यंत्र आहे. आरती ही तर सगळ्यांनी एका तालात, एका वेळी करायची गोष्ट. नेमकं तेच या यंत्राला जमत नाही. गोष्ट या भांडणात आहे. मुलीला कॉलमधून आधार मिळतो हे शेवटी दाखवायचंच आहे, पण तो या अडचणींतून वाट काढत मिळाला पाहिजे. खाली जी पटकथा पायरीपायरीने बांधली आहे ती या एका विचारावर उभी आहे. पात्रं माझ्या कल्पनेतली आहेत; तुम्ही तुमची घ्या, पण क्रम हाच ठेवून बघा.

पहिली पायरी: आधी कॅलेंडर आणि घड्याळ

पात्रांच्या स्वभावाआधी कॉलचा वार आणि वेळ ठरवा, अगदी मिनिटापर्यंत. "दर आठवड्याला संध्याकाळी" असं लिहून भागत नाही, कारण संध्याकाळ कुणाची हा प्रश्न पहिल्याच सीनला उभा राहतो.

माझी नायिका केतकी, वय तेवीस, मिरजेची. जर्मनीत आखेनला मास्टर्स करायला गेली आहे. मिरजेच्या घरात रोज सांजवात होते, पण सगळे मिळून आरती फक्त गुरुवारी. मिरजेपासून नरसोबाची वाडी जवळ, घरात दत्ताची भक्ती, त्यामुळे गुरुवार आपोआप आला. आधी गणपतीची, मग दत्ताची, असा घरचा क्रम. वेळ संध्याकाळी साडेसात.

आता हिशोब. जर्मनीत उन्हाळी वेळ चालू असते तेव्हा भारत साडेतीन तास पुढे असतो. म्हणजे मिरजेचे साडेसात हे आखेनचे दुपारचे चार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. भारतात असं काही होत नाही. त्या रविवारनंतर फरक साडेचार तासांचा होतो आणि मिरजेचे तेच साडेसात आखेनला तीन वाजता येऊन थडकतात.

हे कळलं आणि मला माझी गोष्ट सापडली. घरच्यांनी काही बदललेलं नाही, केतकीनेही काही बदललेलं नाही, तरी एका गुरुवारी दोघांची वेळ चुकते. दोष कुणाचाच नाही. असा प्रसंग ओढूनताणून रचावा लागत नाही, तो कॅलेंडरात पडलेला असतो. तुमची नायिका अमेरिकेत असेल तर घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जाईल. जपान किंवा सिंगापूरला असेल तर बदलणारच नाही. मग तुम्हाला दुसरी अडचण शोधावी लागेल.

त्याच कॅलेंडरात सण बघून घ्या. मी २०२५ साल धरलं. त्या ऑक्टोबरात २ तारखेचा गुरुवार दसऱ्याचा आणि २३ तारखेचा भाऊबीजेचा. दसरा मी सोडून दिला आणि ९ पासून सुरुवात केली, कारण दर आठवड्याची आरती ही साधीच असते आणि प्रेक्षकाला आधी ती साधी दिसायला हवी. सणापासून सुरुवात केली की फराळ, रोषणाई आणि नव्या साड्या सगळी जागा खाऊन टाकतात. भाऊबीज मात्र ठेवली. ती कशाला, ते पुढे येईल.

एक गोष्ट या हिशोबातून फुकट मिळते. मिरजेत साडेसातला अंधार पडलेला असतो, आखेनमध्ये चारला लख्ख उजेड. तिच्या आयुष्यातली तिन्हीसांज भर दुपारी येते. हे संवादात सांगू नका. सीनच्या मथळ्यात एका जागी "रात्र" आणि दुसऱ्या जागी "दुपार" लिहिलंत की कॅमेरामन बाकीचं करतो.

दुसरी पायरी: फोन कुणाच्या हातात आहे

आरतीत तबक कुणाच्या हातात, घंटा कुणाच्या हातात हे आपण सहज लिहितो. फोन कुणाच्या हातात हे मात्र राहून जातं, आणि केतकीला काय दिसणार हे तर त्यावरच ठरतं. मी फोन चुलतभावाला दिला. ओम, वय तेरा. त्याला ताईशी बोलायचं असतं, आरतीत रस यथातथाच, आणि हात एका जागी ठरत नाही. फोन आईच्या हातात दिला असता तर तिने तो देव्हाऱ्यावर नीट धरला असता आणि माझी निम्मी गोष्ट गेली असती.

बाकी माणसं मोजकी ठेवा. आजी, आई, ओम. काका-काकू आणि बाबा मागून गाणाऱ्यांत. दहा मिनिटांत प्रेक्षक तीनच चेहरे लक्षात ठेवतो.

आणि केतकीला सुरुवातीला हा कॉल नको असू द्या. तिटकारा नको, नुसता कंटाळा. नव्या गावात तिला शंभर कामं आहेत आणि आई दर गुरुवारी "आरतीला ये" म्हणून मेसेज टाकते. पहिल्या सीनपासून ती आसुसलेली असेल तर पुढच्या नऊ मिनिटांत तिने जायचं कुठे?

तिसरी पायरी: वनलाइन, चार कॉलमध्ये

संवाद लिहायच्या आधी प्रत्येक सीनचं एकेका ओळीत टिपण करतात, त्याला आपल्याकडे वनलाइन म्हणतात. इथे चार कॉल म्हणजे चार मुख्य सीन. चारही कॉलची चौकट तीच ठेवायची आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची. आरती तीच असल्यामुळे बदल लगेच डोळ्यांत भरतो.

९ ऑक्टोबर, चार वाजता. केतकी मॅगी खात, फोन म्यूटवर ठेवून आरती बघते. ओम नेहमीप्रमाणे "फळीवर वंदना" म्हणतो. ती हसते, पण म्यूटवर असल्याने तिकडे कुणाला ऐकू जात नाही.

१६ ऑक्टोबर, चार वाजता. आज ती स्वतःहून म्यूट काढून गाते. मिरजेत तिचा आवाज मागून येतो, सगळ्यांचा ताल चुकतो. आई प्रेमानेच सांगते, "बाळा, तू म्यूट कर."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, चार वाजता. घर भरलेलं. फोन या हातातून त्या हातात जातो आणि शेवटी कुणीतरी तो टेबलावर उताणा ठेवून जातं. केतकीला फक्त छताचा पंखा दिसतो आणि आरती ऐकू येते. ती कॉल बंद करत नाही.

३० ऑक्टोबर. घड्याळ रविवारीच मागे गेलंय. केतकी तीन वाजता लॅबमध्ये, फोन बॅगेत. पावणेचारनंतर बाहेर येऊन बघते तर चार मिस्ड कॉल. ती जिन्यातूनच फोन लावते. मिरजेत आरती होऊन गेलेली आहे.

भाऊबीज का ठेवली ते आता कळलं असेल. घर माणसांनी भरलेलं असतानाच फोन विसरला जाऊ शकतो. सण इथे शोभेला आलेला नाही, तो केतकीला पंख्याकडे बघत बसवायला आला आहे. या सीनमध्ये भाऊबीजेचं ओवाळणं दाखवायचा मोह होईल, आवरा.

"फळीवर वंदना" विषयी थोडं. "सुखकर्ता दुःखहर्ता" या समर्थ रामदासांच्या आरतीत मूळ शब्द "फणिवरबंधना" आहे. फणिवर म्हणजे नागराज, तो ज्याने कमरेला बांधला आहे असा गणपती. लहानपणी निम्मा महाराष्ट्र तो "फळीवर वंदना" असा म्हणत मोठा झाला आहे. मी ही चूक पहिल्या कॉलमध्ये पेरली ती हशासाठी नाही, चौथ्या कॉलमध्ये उगवायला. तुमच्या घरात वेगळी चूक चालत असेल तर ती घ्या. दुसऱ्याच्या घरची चूक उसनी घेतली की ती विनोदासारखी वाटते.

चौथी पायरी: आवाजाचं गणित समजून घ्या

नवखे लेखक सर्वाधिक फसतात ते इथे. पटकथेत सर्रास लिहिलेलं असतं: "केतकी आणि घरचे एका सुरात आरती म्हणतात." व्हिडिओ कॉलवर हे होत नाही. ज्याने एकदा करून पाहिलंय त्या प्रेक्षकाचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच उडतो.

कारण असं. मिरजेतला आवाज आखेनला पोचायला थोडा वेळ लागतो, समजा पाव सेकंद. केतकी तो ऐकून त्याच्याबरोबर गाते. तिच्या खोलीत सगळं तालात आहे. पण तिचा आवाज परत मिरजेला पोचायला आणखी पाव सेकंद. म्हणजे मिरजेत ती अर्धा सेकंद मागे. टाळीच्या तालात अर्धा सेकंद खूप होतो. वाटतं की मुलगी दुसरीच आरती म्हणतेय. घरचे तिच्यासाठी थांबायला लागतात, ते थांबले म्हणून ती आणखी थांबते, आणि दोन कडव्यांत आरती रखडते.

म्हणून दुसरा कॉल दोन्ही बाजूंनी लिहा. आधी केतकीच्या खोलीतून, जिथे ती अगदी बरोबर आहे. मग कट करून मिरजेत, जिथे तीच मुलगी बेताल आहे. आईचं "म्यूट कर" प्रेक्षकाला एकाच वेळी पटतं आणि लागतं. दोघीही बरोबर आहेत. मला या पटकथेतला सगळ्यात महत्त्वाचा कट हाच वाटतो.

दुसरी गोष्ट: कॉलची ॲपं माणसाचा बोलण्याचा आवाज जपतात आणि बाकीचा गोंगाट समजून कापतात. घंटा, झांज, टाळ्या त्यांच्या लेखी गोंगाटच. त्यामुळे केतकीच्या बाजूला आजीचा घंटेचा हात हलताना दिसतो आणि आवाज तुटक येतो, कधी येतच नाही. मिरजेच्या बाजूला कट केला की तीच घंटा कानठळ्या बसवते. साउंड करणाऱ्यासाठी हे पटकथेत स्पष्ट लिहा, नाहीतर तो दोन्हीकडे एकच ट्रॅक लावेल आणि दोन खोल्यांमधलं अंतर संपून जाईल.

आता चौथ्या कॉलकडे बघा. इथे केतकी एकटी गाणार आहे आणि आजी टाळ्या वाजवणार आहे. आजी तिच्या बाजूला अगदी तालात टाळी देते. पण केतकीला पडद्यावर ती टाळी उशिरा पडताना दिसते. दुसऱ्या कॉलमध्ये मागे पडणारी केतकी होती, आता मागे पडणारी आजी आहे. आणि केतकी तिच्यासाठी लय किंचित सावकाश करते. हे ती बोलून दाखवत नाही. आधी लिहिलेली अडचण इथे उलटी वापरली, नवीन काही आणावं लागलं नाही.

पाचवी पायरी: चौथा कॉल पूर्ण लिहून

फॉरमॅट फार अवघड नाही. सीनच्या मथळ्यात क्रमांक, आत की बाहेर, जागा आणि वेळ. मग जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच, वर्तमानकाळात. "तिला घराची खूप आठवण येते" हे वाक्य पटकथेत बसत नाही, कारण आठवण येताना दिसत नाही. मॅगी गार होताना दिसते.

व्हिडिओ कॉलसाठी मी एक सोय केली आहे. कॅमेरा ज्या खोलीत आहे ती सीनची जागा. पडद्यावरचा माणूस बोलला की नावापुढे "फोनवर" लिहायचं. कॅमेरा पलीकडे गेला की नवा सीन, नवा मथळा.

सीन ११. आत. आखेन, लॅबच्या इमारतीचा जिना. दुपार.

*केतकी पायरीवर बसलेली. अंगात जॅकेट, बॅग खांद्यावरच. फोनवर वेळ ३:५०. रिंग जाते. पडद्यावर ओमचा चेहरा, फार जवळून.*

ओम (फोनवर): ताई! कुठं होतीस? झाली आरती.

केतकी: चारला असते ना रे?

ओम (फोनवर): साडेसातला असते.

*केतकी बोलायला तोंड उघडते, थांबते. फोनच्या कोपऱ्यातली वेळ बघते. बोटांवर मोजते.*

केतकी: घड्याळ... रविवारी इकडचं घड्याळ मागे केलं.

आजी (फोनवर, दिसत नाही): कुणी मागे केलं?

केतकी: सगळ्यांनीच गं, आजी. इथं थंडीत करतात.

*ओम फोन फिरवतो. देव्हाऱ्यापुढे आजी पाटावर बसलेली. समोर तबक तसंच. निरांजन शांत झालेलं.*

केतकी: आजी, तबक उचललं नाहीस अजून?

आजी (फोनवर): उचलते की. घाई काय आहे.

आई (फोनवर, स्वयंपाकघरातून): जेवल्या नाहीत त्या अजून. गोळी आठला असते.

*आजी हाताने आईला गप्प बस अशी खूण करते.*

केतकी: आजी, जेवून घे आधी.

आजी (फोनवर): घेते. तू म्हण की आधी.

केतकी: इथं? मी जिन्यात आहे.

आजी (फोनवर): मग हळू म्हण. ओम्या, आपला आवाज बंद कर रे. नाहीतर पुन्हा गोंधळ व्हायचा.

*ओमचं बोट पडद्याजवळ येतं. मिरजेचा आवाज तुटतो. जिना एकदम शांत. वरच्या मजल्यावर दार लागल्याचा आवाज.*

*केतकी अगदी हलक्या आवाजात पहिली ओळ सुरू करते. पडद्यावर आजीच्या टाळ्या, आवाज नाही. टाळी शब्दाच्या मागून पडते. केतकी लय जरा सावकाश करते. टाळी तरीही मागेच.*

*दोन विद्यार्थी जिना उतरत येतात. केतकी सरकून वाट देते, गाणं थांबवत नाही. ते निघून जातात.*

*कट टू: केतकी पडद्याकडे बघत, अगदी स्पष्ट:*

केतकी: ...फळीवर वंदना...

*पडद्यावर चित्र जोरात हलतं. छत, पंखा, आजीचा पदर, पुन्हा छत. ओम हसून लोळतोय, आवाज नाही. फोन जमिनीवर. पडद्यावर फक्त पंखा फिरतोय.*

*केतकी पंख्याकडे बघत पुढची ओळ म्हणते.*

हा सीन लिहिताना मी तीन गोष्टी खोडल्या. आजी पदराने डोळे टिपते, ते काढलं. केतकीचं "आज मला घरी आल्यासारखं वाटलं" हे वाक्य काढलं. आणि आजी निरांजन पुन्हा लावते, हेही जीवावर येऊन काढलं. सुंदर दिसलं असतं, पण मग ती नवी आरती झाली असती आणि चुकलेली वेळ भरून निघाली असती. इथे ती भरून निघत नाही. आजी आठनंतरही वीस मिनिटं न जेवता तबकापुढे बसून राहिली, बस. हे प्रेक्षकाला आईच्या एका वाक्यातून कळतं आणि आजी तेही दाबायला बघते.

गोळीचा तपशील आणखी एका कामाला येतो. हुशार प्रेक्षक विचारणारच: मग आरती तासभर पुढे का ढकलत नाहीत? आजीचं जेवण आणि गोळी आठला बांधलेली आहे म्हणून. असा प्रश्न शिल्लक राहिला की गोष्ट पोकळ वाटते, आणि त्याचं उत्तर वेगळा संवाद लिहून दिलं की ती शिकवणी वाटते.

भाषेबद्दल थोडं

"निरांजन विझलं" असं आजी म्हणणार नाही आणि तुम्हीही कृतीच्या ओळीत लिहू नका. देवापुढचा दिवा शांत होतो. आई सासूचा उल्लेख "त्या" असा करते, केतकी आजीला "तू" म्हणते, ओम केतकीला "ताई" म्हणतो. मिरजेकडचा सूर "म्हण की", "घेते की" यांतला "की" आणि एखादं "कुठं" एवढ्यावर आणता येतो. प्रत्येक वाक्यात बोली कोंबली तर नटाला ते पेलत नाही. आणि आरतीआधीचं बोलणं नेहमी क्षुल्लक ठेवा: जेवलीस का, थंडी पडली का, आवाज येतोय का, ओम नीट धर रे. खऱ्या कॉलची पहिली दोन मिनिटं "दिसतंय का?" यातच जातात.

सहावी पायरी: लांबी मोजा

टाइपरायटरच्या अक्षरात इंग्रजी पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. देवनागरीत फाँट आणि ओळींमधलं अंतर बदललं की तो कोलमडतो, त्यामुळे पानं मोजू नका. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि कृतीच्या ओळींसकट मोठ्याने वाचा. जिथे काही घडतं तिथे ते घडायला लागेल तेवढं थांबा. माझ्या पहिल्या वाचनात चौदा मिनिटं झाली. जास्तीची चार मिनिटं जवळजवळ सगळी आरतीत होती.

घरच्या लयीत गणपतीची आरती सगळी कडवी धरून अडीच-तीन मिनिटं जाते. चारदा पूर्ण दाखवली तर फिल्म तिथेच संपली. पहिल्या तीन कॉलमध्ये पंचवीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त ऐकवू नका आणि दर वेळी वेगळ्या जागी आत शिरा: पहिल्यांदा शेवटच्या कडव्यात, दुसऱ्यांदा सुरुवातीला, तिसऱ्यांदा मधल्या कडव्यात. चौथ्या कॉलला वेळ द्या. माझी वाटणी पहिल्या दोन कॉलना दोन-दोन मिनिटं, तिसऱ्याला दीड, चौथ्याला साडेतीन, आणि मधले छोटे तुकडे मिळून एक अशी आहे.

सातवी पायरी: चित्रीकरणाला सोयीचं लिहा

मिरजेचे सीन आधी चित्रित होतील असं धरून लिहा. केतकीची भूमिका करणारीला फोनवर काहीतरी खरं दिसायला हवं. आधी चित्रित केलेला मिरजेचा भाग तिच्या फोनवर चालवला की तिचं बघणं खरं येतं. रिकाम्या पडद्याकडे बघून केलेला अभिनय डोळ्यांच्या हालचालीवरून लगेच ओळखू येतो. या कामासाठी आखेन खरंच लागत नाही. पुण्यातल्या एखाद्या कॉलेजचा काचेच्या खिडकीचा जिना आणि जाड जॅकेट पुरतं. फक्त खिडकीतून नारळाचं झाड दिसू देऊ नका.

निरांजनाची ज्योत फोनच्या कॅमेऱ्यासमोर आली की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि सगळे चेहरे काळे पडतात. पहिल्या कॉलमध्ये हे मुद्दाम होऊ द्या, घराघरात असंच होतं. जिथे आजीचा चेहरा दिसायलाच हवा तिथे पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करायला सांगा.

केतकीच्या खोलीत दिवा, उदबत्ती, कापूर लिहिण्याआधी थांबा. जर्मनीत राहत्या खोल्यांत धूर ओळखणारा अलार्म कायद्याने लावावा लागतो आणि विद्यार्थी वसतिगृहांत उघड्या ज्योतीला बहुधा मनाई असते. तुम्हाला अलार्म वाजवून विनोद करायचा असेल तर करा. बऱ्याच जणांना तो सुचतो. मी केतकीच्या खोलीत काहीच ठेवलं नाही. ओम तबक फोनजवळ आणतो तेव्हा पडद्यावरून हात फिरवून आरती घ्यायची एवढंच. पहिल्या कॉलमध्ये मॅगीचा हात म्हणून ती घेत नाही, दुसऱ्यात म्यूट केल्यावर मान खाली घालून घेते, तिसऱ्यात पंखाच दिसतो.

गाण्याचे हक्क ही शेवटची अडचण. रामदासांची आरती सतराव्या शतकातली, तिच्या शब्दांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण एखाद्या गायिकेने गायलेलं रेकॉर्डिंग वेगळं; आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं राहतो. पार्श्वभूमीला कुठलीही गाजलेली कॅसेट लावलीत तर व्हिडिओ टाकताच तो अडकू शकतो. आरती नटांकडूनच गाऊन घ्या. तशीही घरची आरती बेसूर असली तरच घरची वाटते.

वाचन

खर्डा तयार झाला की तो दोन जणांना वाचून दाखवा: एक जो परदेशात राहून आला आहे, आणि एक जी दर आठवड्याला असा कॉल लावते, शक्यतो कुणाची तरी आई. पहिला तुम्हाला वेळेच्या चुका सांगेल. दुसरी सांगेल की आरती चालू असताना फोन कुणी धरत नाही, तो डब्याला टेकवतात आणि तो घसरतो. मला हे एका काकूंनी सांगितलं. म्हणून माझ्या दुसऱ्या कॉलमध्ये आता फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला आहे आणि आरतीच्या मध्यावर तो सावकाश घसरत जातो. ओम त्याला पायाने अडवतो, तबकाकडे बघत.

शेवटचा सीन त्यांनी ऐकला आणि विचारलं, "मग पुढच्या गुरुवारी काय करते ती?" मी अर्ध्या मिनिटाचा सीन १२ जोडला. केतकी जिन्यातच बसलेली, कॉल संपलेला. फोनच्या घड्याळात ती दुसरं शहर घालते. वर आखेन ४:०५, खाली मुंबई ८:३५. मग ती कॅलेंडर उघडते, गुरुवारची नोंद तीन वाजता करते, आणि तिथेच दिसते लॅबची वेळ: दीड ते पावणेचार. ती लॅबच्या मदतनिसाला मेल लिहायला घेते. "Dear" एवढं टाइप होतं आणि बोट थांबतं.